वृद्धांचं पोट साफ होत नाही? इसबगोलआधी औषधांची पिशवी रिकामी करा

घरातल्या वयस्कर माणसाला चार-चार दिवस संडासला होत नाही म्हणून इसबगोल, एरंडेल नाहीतर एखादं चूर्ण मागायला लोक माझ्या मेडिकलमध्ये रोज येतात. ‘गोळ्या कोणत्या चालू आहेत?’ असं विचारलं की ‘बीपीची नि शुगरची, बाकी काही नाही’ हे उत्तर ठरलेलं. ते खोटं नसतं, पण अर्धवट असतं. खाजेची गोळी, सर्दीची गोळी, मुंबईच्या डॉक्टरांनी लघवीसाठी दिलेली गोळी, रात्री शांत झोप लागावी म्हणून दिलेली छोटी गोळी, यांना कोणी ‘चालू औषध’ म्हणतच नाही. आणि पोट बसवणारी औषधं नेमकी यातच असतात.

लोह, कॅल्शियम किंवा ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामकांनी खडा होतो हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. हा लेख त्यांच्याबद्दल नाही. यात लक्ष तीन कुटुंबांवर आहे: ॲलर्जीवरची औषधं, मूत्राशयाची घाई कमी करणाऱ्या गोळ्या आणि मानसिक आजारांवरची अँटिसायकोटिक औषधं. आतड्याच्या भिंतीतले स्नायू ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाच्या इशाऱ्यावर आवळतात आणि मळ पुढे ढकलतात. लाळ सुटणं, मूत्राशय आवळणं, स्मरणशक्ती टिकणं यांतही याच रसायनाचा हात असतो. या तीन कुटुंबांतली बरीच औषधं त्याचा रस्ता अडवतात. तरुण माणूस ते निभावून नेतो. सत्तरीनंतर आतडं आधीच संथ झालेलं असतं, यकृत आणि मूत्रपिंड औषध हळूहळू बाहेर टाकतात, त्यामुळे तोच डोस जास्त चढतो.

लोकांचा क्रम इथेच चुकतो. आधी जुलाबाचं औषध, मग आणखी जोराचं जुलाबाचं औषध, आणि अगदी शेवटी कधीतरी ‘हे गोळ्यांमुळे तर नाही ना?’ हा प्रश्न. तो उलटा कसा करायचा ते पुढे टप्प्याटप्प्याने.

## टप्पा १: आज रात्री थांबायचं की आत्ता गाडी काढायची, हे आधी ठरवा

पिशवी उघडण्याआधी माणसाकडे बघा. पोट फुगून ताणलंय, उलट्या होतायत, वारासुद्धा सरत नाही, पोटात सतत जोराची कळ आहे, संडासातून रक्त जातंय, लघवी तुंबली आहे किंवा माणूस अचानक बरळायला लागलाय, यातलं काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवून ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठा. जाताना सगळ्या गोळ्या बरोबर घ्या. अशा वेळी घरातलं कुठलंही जुलाबाचं औषध देऊ नका. आतडं अडलं असेल तर त्याने धोका वाढतो.

क्लोझापिन हे अँटिसायकोटिक औषध चालू असलेल्या माणसासाठी नियम याहून कडक आहे. या औषधाने आतड्याची हालचाल इतकी मंदावू शकते की आतडं ठप्प होतं, आणि त्यात जीव गेल्याच्या नोंदी आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली याबद्दलचा इशारा आणखी कडक केला. त्यामुळे क्लोझापिन घेणाऱ्याचं पोट नेहमीपेक्षा कमी साफ होतंय असं दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. उलटी होईपर्यंत वाट बघू नका. या औषधावरचे बरेच रुग्ण स्वतःहून तक्रार करत नाहीत, म्हणून घरच्यांनी विचारत राहायचं.

सावध: बरेच दिवस पोट साफ नाही आणि आता अचानक पातळ, पाण्यासारखं होतंय, नकळत कपड्यात होतंय, तर ते जुलाब आहेत असं धरून चालू नका. गुदाशयात कडक गोळा अडकलेला असतो आणि वरचा पातळ मळ त्याच्या बाजूने पाझरतो. अशा वेळी जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी दिली की अडकलेला गोळा आणखी घट्ट होतो. काउंटरवर सगळ्यात जास्त वेळा मला अडवावी लागणारी चूक हीच.

## टप्पा २: पिशवी पूर्ण रिकामी करा

‘पूर्ण’ म्हणजे देव्हाऱ्याशेजारच्या डब्यातल्या, उशीखालच्या, बटव्यातल्या आणि फ्रिजच्या दारातल्या औषधांसकट. त्यात खोकल्याची बाटली, डोळ्यांचे थेंब, प्रवासाची गोळी, भूक लागण्याचं सिरप, शेजारणीने दिलेली ‘छान झोप लागते’ वाली गोळीही आली. सगळं चटईवर मांडा.

आता प्रत्येक पाकिटावरचं ब्रँडचं मोठं नाव सोडा आणि त्याच्या खाली किंवा मागे बारीक इंग्रजी अक्षरात छापलेलं मूळ औषधाचं नाव वाचा. एकच औषध दहा नावांनी विकलं जातं, आणि एकाच ब्रँडच्या नावाला पुढे दोन अक्षरं जोडली की आतलं औषध बदलतं. डोळ्यांना दिसत नसेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा.

अडचण येते ती कापलेल्या पाकिटांची. पाच गोळ्या सुट्या घेतल्या की कात्रीने नावच कापलं जातं, उरते ती चकचकीत मागची बाजू आणि अर्धवट तारीख. अशा तुकड्यावरून अंदाज करू नका. तो तुकडा जिथून घेतला त्याच दुकानात न्या आणि पाकिटावरचं पूर्ण नाव लिहून आणा. पुढच्या वेळी सुट्या गोळ्या घेताना नाव असलेला भाग मागून घ्या, कोणताही दुकानदार नाही म्हणणार नाही.

तपासा: यादीत प्रत्येक औषधापुढे चार गोष्टी हव्यात: मूळ औषधाचं नाव, डोस, कोणी दिलं, आणि कधी सुरू झालं. चौथी गोष्ट लोक हमखास विसरतात, आणि पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

## टप्पा ३: तीन कुटुंबं ओळखा

ॲलर्जी, सर्दी, खाज, चक्कर आणि प्रवासाच्या गोळ्या. पावसाळ्यातल्या सर्दीच्या बऱ्याच एकत्रित गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं. पॅरासिटामॉल आणि नाक मोकळं करणाऱ्या औषधाबरोबर ते गुपचूप बसलेलं असतं. अंगाला खाज सुटली की मिळणारं हायड्रॉक्सिझिन किंवा फेनिरामिन, घाटात गाडी लागू नये म्हणून घेतलेलं प्रोमेथाझिन, चक्करेसाठीचं सिनारिझिन, म्हाताऱ्या माणसाने चार घास जास्त खावेत म्हणून आणलेल्या सिरपमधलं सायप्रोहेप्टाडिन, हे सगळे याच घरातले. यातली जुन्या पिढीची औषधं वृद्धांना शक्यतो देऊ नयेत असं अमेरिकेच्या जराशास्त्र संघटनेची बीअर्स यादी स्पष्ट सांगते. सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन आणि विशेषतः फेक्सोफेनाडिन या नव्या पिढीत हा त्रास बराच कमी असतो.

कोकणातली हवा दमट. मे ते ऑक्टोबर घाम, घामोळं आणि गजकर्ण यांचा मुक्काम असतो. त्यामुळे पाच दिवसांसाठी दिलेली खाजेची गोळी पाच महिने चालू राहते. गजकर्ण बुरशीचं असतं. खाजेच्या गोळीने फक्त खाजवणं थांबतं, बुरशी तिथेच राहते, म्हणून गोळीही संपत नाही. तिने गुंगी येत असल्याने झोपही लागते, मग सोडायला कोणी तयार होत नाही.

लघवीची घाई कमी करणाऱ्या गोळ्या. ऑक्सिब्युटिनिन, टोल्टेरोडिन, सोलिफेनासिन, डॅरिफेनासिन, ट्रोस्पियम. मूत्राशयाचा स्नायू सैल पाडायचा हेच त्यांचं काम, आणि आतड्याचा स्नायूही त्याच किल्लीने चालतो, म्हणून बद्धकोष्ठ हा त्यांच्या मुख्य परिणामाचाच दुसरा भाग आहे. डोस वाढला की त्रासही वाढतो. सोलिफेनासिनच्या चाचण्यांत औषध नसलेली गोळी घेणाऱ्या शंभरातल्या सुमारे तिघांना बद्धकोष्ठ झाला, ५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांत सुमारे पाच जणांना आणि १० मिलिग्रॅममध्ये सुमारे तेरा जणांना. पुरुषांच्या प्रोस्टेटच्या गोळीकडे नीट बघा. नुसतं टॅम्सुलोसिन या कुटुंबातलं नाही, पण त्याच्यासोबत एकाच गोळीत टोल्टेरोडिन किंवा सोलिफेनासिन घातलेलं असू शकतं.

यात एक विचित्र फेरा आहे. गुदाशय मळाने भरून फुगला की तो पुढच्या मूत्राशयावर दाबतो आणि माणसाला सारखं लघवीला जावं लागतं. म्हणजे कधीकधी मूळ आजार बद्धकोष्ठाचा असतो, उपाय मिळतो मूत्राशयाचा, आणि त्या उपायाने बद्धकोष्ठ वाढतो. लघवीची गोळी सुरू करण्याआधी ‘पोट साफ होतं का?’ एवढा एक प्रश्न विचारला गेला तर अनेक आजी-आजोबा यातून वाचतील.

अँटिसायकोटिक गोळ्या. स्किझोफ्रेनिया, तीव्र मूड आजार, आणि स्मृतिभ्रंशातल्या रात्रीच्या आरडाओरड्यासाठी या देतात. क्लोझापिनबद्दल वर लिहिलं आहे. ओलांझापिन, क्लोरप्रोमाझिन आणि क्वेटियापिन यांनीही पोट बसतं. रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल यांचा थेट परिणाम तुलनेने कमी, पण खरा चोर त्यांच्या सोबतच्या गोळीत असतो. हातपाय आखडू नयेत, कंप येऊ नये म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल देतात, आणि ते ॲसिटिलकोलीन जोरात अडवतं. आपल्याकडे हे दोन्ही एकाच गोळीत मिळतं, त्यामुळे यादीत दोन ओळी लिहिल्या पाहिजेत हे घरच्यांच्या लक्षात येत नाही.

तपासा: बद्धकोष्ठाबरोबर तोंड कोरडं पडणं, जवळचं धूसर दिसणं, लघवी अडकत होणं आणि विसराळूपणा वाढणं हे एकत्र दिसलं तर औषधांवरचा संशय पक्का होत जातो. कोरडं तोंड ओळखायला सोपं: भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही, आणि जेवताना कवळी हिरड्यांना घासायला लागते.

एकेका गोळीचा त्रास थोडा असला तरी तीन डॉक्टरांनी दिलेल्या तीन गोळ्यांची बेरीज शरीरात एकाच जागी होते, आणि ती बेरीज करायची जबाबदारी कोणाचीच नसते. म्हणून पुढचा टप्पा घरच्यांनी करायचा.

## टप्पा ४: तारखा समोरासमोर लावा

एका कागदावर उभी रेघ मारा. डावीकडे कोणती गोळी कधी सुरू झाली किंवा वाढली, उजवीकडे पोटाची, लघवीची, झोपेची आणि डोक्याची हकीकत. तारीख आठवत नसेल तर सणावाराने लावा: शिमग्याच्या आधी की नंतर, आंब्याची पेटी आली तेव्हा, पेरणी झाली तेव्हा. बिलं आणि चिठ्ठ्यांचे मोबाइलमधले फोटो यातही मदत होते.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. यातली आजी कोणी एक नाही, नेहमी दिसणाऱ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. देवगडकडची ७८ वर्षांची आजी. रोज सकाळी चहा झाला की संडासला जायची जुनी सवय. बीपीची गोळी बरीच वर्षं चालू, तिने कधी त्रास दिला नव्हता.

मार्चअखेर मांडीला, कमरेला खाज. गावच्या डॉक्टरांनी मलम आणि रात्री हायड्रॉक्सिझिन २५ मिलिग्रॅम दिलं. मलम संपलं, गोळी चालू राहिली, कारण झोप छान लागत होती. एप्रिलच्या मध्यावर आजी कुंथायला लागली, दोन-तीन दिवसांनी एकदा, खडे खडे. घरच्यांनी पिकं केळं आणि इसबगोल दिलं. मेमध्ये मुलगा आला, आई रात्रीतून चार-पाच वेळा उठते हे त्याने बघितलं आणि मुंबईला नेऊन मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवलं. सोलिफेनासिन ५ मिलिग्रॅम सुरू झालं. खाजेच्या गोळीचा उल्लेख तिथे झालाच नाही, कारण ‘ती काय, खाजेची’. जून संपताना आजी रात्री उठून ‘अंगणात माणसं बसली आहेत’ म्हणायला लागली. तालुक्याला दाखवलं, क्वेटियापिन २५ मिलिग्रॅम मिळालं. जुलैत आठवडा-आठवडा पोट नाही. ‘माका साफ होवक नाय’ एवढंच ती सांगायची. ऑगस्टमध्ये साडीला पातळ डाग. सूनबाईंनी जुलाब थांबवायची गोळी दिली.

हे सगळं रेघेवर मांडलं की साखळी आपोआप दिसते. खाजेच्या गोळीनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांत पोट बिघडलं. भरलेल्या गुदाशयाने लघवीची तक्रार आणली किंवा वाढवली. लघवीच्या गोळीने बद्धकोष्ठ वाढवला आणि, खाजेच्या गोळीबरोबर मिळून, डोक्यातला गोंधळही. गोंधळासाठी तिसरी गोळी आली, आणि तिने पुन्हा पोटच बसवलं. तिन्ही डॉक्टरांनी आपापल्या समोरच्या तक्रारीवर औषध दिलं होतं. चूक कोणा एकाच्या चिठ्ठीत सापडत नाही, ती तीन चिठ्ठ्यांच्या मधल्या जागेत आहे.

सावध: तारीख जुळली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नाही. थायरॉइड मंदावणं, पार्किन्सन आजार, रक्तातलं कॅल्शियम वाढणं, आतड्यातली गाठ यांनीही असंच होतं. वजन उतरतंय, रक्त जातंय, अंगात रक्त कमी झालंय किंवा कोणतीही गोळी बदलली नसताना सवय अचानक मोडली, तर औषधांच्या संशयावर थांबू नका, तपासण्या करून घ्या.

## टप्पा ५: अडकलेलं आधी मोकळं करा

लोक इथे दुसऱ्या टोकाची चूक करतात. संशय आला म्हणून सगळ्या गोळ्या एकदम बंद करतात आणि ‘आता होईल आपोआप’ म्हणून बसतात. गुदाशयात गोळा अडकला असेल तर गोळ्या बंद करून तो आपोआप निघत नाही. तो आहे की नाही हे डॉक्टर बोटाने तपासून सांगतात. आजी लाजणार, म्हणून बाई डॉक्टर किंवा सिस्टर असतील अशी वेळ आधी विचारून घ्या. ही तपासणी टाळली तर पुढचं सगळं अंधारात चालतं.

गोळा असेल तर एनिमा किंवा डॉक्टर ठरवतील तो उपाय दवाखान्यातच. घरी बोट घालून काढायचा प्रयत्न करू नका, वयस्करांची त्वचा पातळ असते आणि जखम होते. मूत्रपिंड किंवा हृदय कमजोर असेल तर ते आधी सांगा, कारण फॉस्फेटचा एनिमा अशांना धोक्याचा ठरू शकतो.

गोळा नसेल किंवा निघाला असेल तर रोजच्या औषधाची निवड. औषधांमुळे मंदावलेल्या आतड्यासाठी साधारणपणे पाणी ओढून मळ मऊ करणारं पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं पाकीट किंवा लॅक्ट्युलोजचं सिरप देतात, आणि तेवढ्याने भागलं नाही तर आतड्याला ढकलणारं बिसाकोडिल किंवा सोनामुखीचा घटक असलेलं औषध जोडतात. लॅक्ट्युलोजचा परिणाम दिसायला दोन दिवस लागू शकतात, सुरुवातीला वारा होतो. ‘काल दिलं, आज काही नाही’ म्हणून दुप्पट करू नका. बिसाकोडिलची गोळी रात्री दिली की सकाळी काम करते, पण ती दुधाबरोबर किंवा ॲसिडिटीच्या पातळ औषधाबरोबर देऊ नका. तिचं वरचं आवरण पोटातच विरघळतं आणि कळ येते.

आता इसबगोल. तो वाईट नाही, चुकीच्या जागी वापरला जातो. तो पाण्यात फुगतो आणि मळाचा आकार वाढवतो. आतडं ढकलतच नसेल आणि माणूस दिवसाला जेमतेम दोन पेले पाणी पीत असेल तर तो आकार आतच बसतो. आपल्याकडे अजून बऱ्याच घरांत संडास मागच्या बाजूला आहे. पावसात रात्री निसरड्या वाटेने जायला नको म्हणून म्हातारी माणसं दुपारनंतर पाणीच तोडतात. अशा माणसाला इसबगोल देण्याआधी त्याच्या पाण्याचा हिशेब करा. नाचणी, कुळीथ, पालेभाजी वाढवतानाही हेच.

लिक्विड पॅराफिन असलेलं गुलाबी-पांढरं औषध सर्रास नेलं जातं. अंथरुणाला खिळलेल्या, गिळताना ठसका लागणाऱ्या माणसाला ते देऊ नका. तेल श्वासनळीत गेलं तर फुप्फुसाला इजा होते, आणि अँटिसायकोटिक औषधांनी गिळणं आधीच मंदावलेलं असू शकतं. त्यातल्याच मॅग्नेशियममुळे मूत्रपिंड कमजोर असणाऱ्यांनीही विचारल्याशिवाय घेऊ नये. एरंडेलाचा जुना हात वृद्धांवर चालवू नका. कळा येतात, पाणी जातं आणि संडासच्या वाटेवर माणूस पडतो.

तपासा: बसायची सोय बघितली का? गुडघे दुखतात म्हणून कमोड खुर्ची आणली असेल तर पाय हवेत लोंबकळतात आणि जोर लागत नाही. पायाखाली वीतभर उंचीचा पाट द्या. नाश्त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत बसवा, तेव्हा आतडं स्वतःहून हलतं.

## टप्पा ६: कोणती गोळी आधी, कोणाला विचारून

यादी आणि रेघेचा कागद घेऊन एकाच डॉक्टरांकडे जा, जे सगळं एकत्र बघतील. बहुधा ते तुमचे जवळचे डॉक्टरच असतात. सर्वांत सोप्या गोळीपासून सुरुवात करा आणि एका वेळी एकच बदल करा. दोन बदल एकदम केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

पहिला नंबर ॲलर्जीच्या गोळीचा. सर्दी ओसरली असेल तर सर्दीची गोळी पुढे चालवायचं कारण नाही. खाज अजून असेल तर आधी खाजेचं कारण शोधायला सांगा: बुरशी आहे, खरूज आहे, की कातडी नुसती कोरडी पडली आहे? गोळी हवीच असेल तर नव्या पिढीतली चालेल का ते विचारा. बरेच महिने रोज घेतलेली गोळी बंद केल्यावर काही दिवस झोप मोडते किंवा खाज उसळते. ती गोळी लागणारच असा त्याचा अर्थ नाही, पण थांबण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या.

दुसरा नंबर लघवीच्या गोळीचा. पोट मोकळं झाल्यावर लघवीची घाई किती उरली ते आधी बघा. विचारायचे प्रश्न असे: गोळीने खरंच फरक पडला होता का? लघवी झाल्यावर मूत्राशयात किती उरते ते सोनोग्राफीत बघितलं आहे का? डोस कमी करता येईल का? मिराबेग्रॉन वेगळ्या रस्त्याने काम करतं आणि त्याने बद्धकोष्ठ होण्याचं प्रमाण कमी असतं, पण बीपी वाढू शकतं, म्हणून बीपी आटोक्यात नसणाऱ्यांना ते चालेलच असं नाही. सोलिफेनासिन शरीरातून हळू जातं. बंद केल्यावर आठवडा-दोन आठवडे धीर धरा.

तिसरा नंबर अँटिसायकोटिकचा, आणि इथे स्वतःहून काहीही करायचं नाही. अचानक बंद केल्याने मूळ आजार उसळतो. क्लोझापिन किंवा ट्रायहेक्सिफेनिडिल एकदम तोडलं तर उलट्या, घाम, बेचैनी येते. स्किझोफ्रेनियासाठी वर्षानुवर्षं चालू असलेली गोळी बद्धकोष्ठासाठी सोडणं हा सौदा बहुतेक वेळा तोट्याचा असतो. तिथे रोजचं जुलाबाचं औषध कायमचं जोडून पोटाची नोंद ठेवणं हाच मार्ग. मनोविकारतज्ज्ञांना एकच प्रश्न नक्की विचारा: ट्रायहेक्सिफेनिडिलची अजून गरज आहे का? ते सुरुवातीला दिलं जातं आणि पुष्कळदा तसंच राहून जातं. स्मृतिभ्रंशातल्या रात्रीच्या गोंधळासाठी दिलेल्या छोट्या डोसचं मात्र वेगळं आहे. गोंधळ दुसऱ्याच गोळीमुळे होता का, हे बघून डॉक्टर ती हळूहळू उतरवू शकतात.

वरच्या आजीचं काय झालं? ग्रामीण रुग्णालयात एनिमा देऊन गोळा निघाला, पॉलिइथिलीन ग्लायकॉल रोज सुरू झालं. हायड्रॉक्सिझिन बंद, बुरशीचं मलम नीट चार आठवडे. पोट मोकळं झाल्यावर रात्रीचं उठणं दोनदावर आलं, तेव्हा सोलिफेनासिन थांबवलं. अंगणातली माणसं बरीचशी गेली, पण पूर्ण गेली नाहीत. तिला थोडा स्मृतिभ्रंश खरोखरच होता. क्वेटियापिन निम्म्यावर आणून ठेवलं आणि जुलाबाचं पाकीट चालूच राहिलं.

## टप्पा ७: तीन आठवड्यांची वही

प्रत्येक बदलानंतर दोन-तीन आठवडे वही ठेवा. भिंतीवरच्या कॅलेंडरचा चौकोनही पुरतो. रोज तीनच गोष्टी लिहा: झालं की नाही, खडे की मऊ की पातळ, कुंथावं लागलं का. खडे म्हणजे अजून मंद, केळ्यासारखं मऊ म्हणजे ठीक, पातळ म्हणजे जुलाबाचं औषध जास्त झालं किंवा आत पुन्हा गोळा अडकलाय. यातलं कोणतं, हे आधीच्या दिवसांच्या नोंदीवरून कळतं. चार-पाच दिवस कोरे आणि मग पातळ, तर डॉक्टरांना फोन. रोज होत होतं आणि आज पातळ, तर पाकीट एक दिवस थांबवून बघायचं.

ज्याला स्वतःला सांगता येत नाही त्याच्यासाठी लिहिणारा माणूस ठरवून टाका. ‘आम्ही सगळेच लक्ष ठेवतो’ असं ज्या घरात म्हणतात तिथली वही हमखास कोरी असते.

शेवटचं काम कागदाचं. बंद झालेल्या प्रत्येक गोळीच्या जुन्या चिठ्ठीवर आडवी रेघ मारून बंद केल्याची तारीख लिहा, आणि त्याचा फोटो मुंबईच्या मुला-मुलीला पाठवा. नाहीतर गणपतीला येताना तो जुनी चिठ्ठी दाखवून तीन महिन्यांच्या त्याच गोळ्या घेऊन येतो, आणि आई त्या ठरल्या वेळी घेते. नवीन डॉक्टरांकडे जाताना, दाताच्या किंवा डोळ्यांच्या सुद्धा, हीच यादी पुढे करा. सर्दीची गोळी मागायला मेडिकलमध्ये आलात तरी ‘लघवीची गोळी चालू आहे’ एवढं सांगा, म्हणजे काउंटरमागचा माणूस क्लोरफेनिरामिन नसलेलं काहीतरी शोधू शकेल.